भिजलेला माल वहीत किती रुपयांचा?

भिवंडीजवळच्या त्या गोदामात शिरलो तेव्हा फरशी कोरडी होती. भिंतीवर मात्र जमिनीपासून वीतभर उंचीवर एक मातकट रेघ सरळ चारी बाजूंनी फिरलेली दिसत होती. आग विझवण्याच्या नळाचा सांधा रात्री कधीतरी सुटला. पाणी पहाटेपर्यंत वाहत राहिलं आणि सकाळी शटर उचलल्यावर लोंढा बाहेर आला. तारीख २२ मार्च. वर्ष संपायला नऊ दिवस उरलेले.

गोदाम घरगुती वस्तूंच्या घाऊक व्यापाऱ्याचं. आत कुकर होते, मिक्सर होते आणि सोलापुरी चादरींच्या गाठी होत्या. मी त्यांचा हिशेबनीस, म्हणजे ताळेबंदावर सही करणारा. शेठनी मला दारातच गाठलं. "साहेब, अठरा लाखांचा माल भिजला. अठरा लाख तोटा टाकून मोकळे होऊ." अर्ध्या तासानं त्यांच्या मुलानं मला बाजूला घेऊन अगदी उलटं सांगितलं. बँकेला महिन्याचं स्टॉक स्टेटमेंट जायचं आहे, त्यात हा माल आहे तसाच दाखवता आला तर बरं. त्या मालावर बँकेची उचल अवलंबून असते.

म्हणजे एकाच मालाचे दोन आकडे एकाच घरातून मागितले जात होते. विम्यासाठी आणि करासाठी तोटा मोठा हवा, बँकेसाठी तोटा नको. हिशेबाचा नियम या दोन्हीकडे बघत नाही. तो एकच प्रश्न विचारतो: हा माल आज आहे त्या अवस्थेत विकायला काढला, तर सगळा खर्च वजा जाऊन हातात किती पडेल? त्याला 'निव्वळ वसूल मूल्य' म्हणतात. कार्यालयात आम्ही इंग्रजी आद्याक्षरं घेऊन 'एनआरव्ही' म्हणतो.

सनदी लेखापालांच्या संस्थेनं ठरवलेल्या लेखामानक २ मध्ये हा नियम आहे. मोठ्या कंपन्यांना लागू असलेल्या इंड एएस २ मध्येही तोच आहे. वर्षअखेरीस शिल्लक माल खरेदीच्या किमतीला धरायचा की निव्वळ वसूल मूल्याला? दोन्हींत जो आकडा कमी, त्याला. एनआरव्ही काढताना धंद्याच्या नेहमीच्या ओघात मिळेल असा विक्रीचा अंदाज घ्यायचा. त्यातून माल विकण्याजोगा करायचा खर्च आणि विक्रीसाठी लागणारा खर्च वजा करायचा. गणित चौथीच्या मुलाला जमेल इतकं सोपं आहे. त्यात घालायचे आकडे कुठून आणायचे, ही खरी गोम.

पहिलं काम कागदावर होतंच नाही, ते थप्पीवर होतं. पाणी वीतभर चढलं म्हणून वीतभरच माल भिजला असं नसतं. पुठ्ठ्याचा खोका दिव्याच्या वातीसारखा पाणी वर ओढतो. भिंतीवरची रेघ वीतभर उंच असली, तरी खोक्यावरची ओल तिच्या बरीच वर गेलेली असते. तळातले खोके मऊ झाले की वरची थप्पी कलते, आणि वरचा कोरडा माल खाली येऊन त्याला पोचे पडतात. आमच्या गोदामात माल लाकडी पॅलेटवर होता, म्हणून तळाचा थर बराचसा वाचला असं शेठना वाटत होतं. माथाडी कामगारांच्या मुकादमानं एक खोका उचलला आणि त्याचा तळ हातातच राहिला. आतला मिक्सर जमिनीवर आपटला. "वरून कोरडा दिसतो, साहेब, पण खालून भाकरीसारखा भिजलाय." त्यानंतर आम्ही प्रत्येक थराला हात लावूनच मोजलं.

मोजताना तीन वेगळ्या जागा आखल्या: खोका भिजला पण वस्तू कोरडी, वस्तू भिजली पण सुधारण्याजोगी, आणि गेलेली. प्रत्येक खोक्यावर खडूनं खूण केली, बॅच क्रमांक लिहून घेतला, फोटो काढले. लेबलं गळून पडली होती, म्हणून शंभरेक खोके उघडून आतल्या वस्तूवरचा क्रमांक वाचावा लागला. आणखी एक गोष्ट अशा वेळी हमखास निसटते. पाणी शिरण्याच्या आदल्या संध्याकाळी भरलेला एक टेम्पो बाहेर गेला होता आणि त्याचं बिल दुसऱ्या दिवशीच्या तारखेचं होतं. बिलाची तारीख बघून तो माल शिल्लक धरला असता, तर गोदामात नसलेला मालही भिजला असं झालं असतं. जावक वही आणि बिल्टी यांचा मेळ घातल्याशिवाय भिजलेल्या मालाच्या यादीवर सही करू नये.

मोजणीत ८०० कुकर, ३०० मिक्सर आणि १,००० चादरी पाण्याच्या तावडीत सापडल्या. खरेदीची किंमत: कुकर ९०० रुपये, मिक्सर २,२०० रुपये, चादर ४२० रुपये. सगळं मिळून बरोबर अठरा लाख. शेठचा आकडा खरा होता. मात्र ती भिजलेल्या मालाची किंमत होती, तोट्याची नव्हे.

कुकरपासून सुरुवात केली. ॲल्युमिनियमचा कुकर स्वच्छ पाण्यात रात्रभर राहिला तर त्याचं काय बिघडतं? काहीच नाही. पुसला, वाळवला की तो तसाच. बिघडलं ते खोकं, माहितीपत्रक आणि हमीपत्र. छपाईवाल्याकडून नव्या खोक्याचा भाव घेतला: ३८ रुपये. पुसणं, भरणं, चिकटपट्टी यांची मजुरी १२ रुपये. दुकानदार नेहमी १,०८० रुपयांना घेतात, पण खोकं बदललंय हे कळल्यावर तीस रुपये मागेच घेणार, म्हणून १,०५० धरले. दुकानापर्यंत पोचवायला १५ रुपये. वजाबाकी केली तर हातात ९८५ रुपये पडतात. खरेदी ९०० ची. म्हणजे कुकर वहीत ९०० लाच राहतो.

शेठ नाराज झाले. "अहो, माझा नफा निम्म्यावर आला, आणि तुम्ही तोटा शून्य म्हणता?" खरंच, आधी कुकरमागे १६५ रुपये सुटत होते, आता ८५. मात्र पुढच्या विक्रीतला कमी होणारा नफा आज तोटा म्हणून लिहिता येत नाही. माल खरेदीच्या खाली गेला तरच त्याची किंमत खाली येते. खोके बदलण्याचे चाळीस हजार रुपये ज्या दिवशी खर्च होतील त्या दिवशी खर्चात जातील. आमच्याकडे ते काम एप्रिलमध्ये झालं, म्हणून ते पुढच्या वर्षाच्या खर्चात गेले. हे चाळीस हजार कुकरच्या खरेदीकिमतीत मिळवून ९०० चे ९५० करावेत, असा मोहही काहींना होतो. तेही चालत नाही. नळ फुटल्यामुळे झालेला खर्च मालाच्या किमतीत चढवता येत नाही.

मिक्सरचं प्रकरण अवघड होतं, आणि तिथे माझी पहिली वजाबाकी चुकली.

३०० पैकी १२० मिक्सर वरच्या थरात होते. खोक्याचा तळ ओला, पण प्लास्टिकच्या पिशवीतली मोटार कोरडी. वीजतंत्रज्ञानं मेगर लावून प्रत्येक मोटारीची तपासणी केली. हे यंत्र मोटारीला जास्त व्होल्टेज देऊन तारेवरचं आवरण विजेला किती रोखतं ते दाखवतं. आवरण ओलं असलं की आकडा धाडकन खाली येतो. १२० चे आकडे चांगले आले. त्यांची विक्री २,२६० ला धरली. त्यातून नवं खोकं आणि तपासणीचे ७० रुपये, पोचवायचे ४० रुपये गेले. हातात २,१५०. खरेदीपेक्षा पन्नास रुपये कमी. म्हणजे पन्नास गुणिले १२०, सहा हजारांची घट. किरकोळ, पण ती लिहायलाच हवी.

उरलेल्या १८० मिक्सरच्या मोटारीत पाणी गेलेलं. शेठनी लॉट उचलणाऱ्या एका व्यापाऱ्याला बोलावलं. त्यानं दोन मिक्सर हलवून पाहिले, कान लावला आणि भाव सांगितला: सातशे रुपये नग, आहे तसा, हमी नाही. चढवणीचे २० रुपये आमचे. ६८० रुपये एनआरव्ही म्हणून मी लिहूनही टाकले. रात्री मला झोप येईना. मिक्सरमागे सातशे रुपये देणारा माणूस हे मिक्सर भंगारात तोडणार नाही. तो ते उन्हात वाळवणार, नव्या खोक्यात भरणार आणि एखाद्या आठवडी बाजारात बाराशेला विकणार. ओल्या मोटारीचा मिक्सर कुणाच्या तरी ओट्यावर जाणार.

सकाळी कंपनीशी झालेला वितरण करार मागवून वाचला. पाण्यात बुडालेली किंवा जळालेली वस्तू कंपनीच्या नावानं विकायची नाही, नाव काढून टाकून मोडीत घालायची, असं कलम त्यात होतं. आणि सातशेचा भाव नावासकट मालाचा होता. जी विक्री करायची मुभाच नाही, तिचा भाव एनआरव्हीत धरता येत नाही. भंगारवाल्याचा भाव मिळाला १८० रुपये नग. मोटार सोडवून नावाची पट्टी काढायची मजुरी ३० रुपये. हातात १५०. घट मिक्सरमागे २,०५०, १८० मिक्सरांवर ३,६९,०००. आधीचे सहा हजार मिळवून मिक्सरवर पावणेचार लाख.

विक्रीचा अंदाज घेताना मी तेव्हापासून दोन प्रश्न आधी विचारतो. हा माल कोण घेणार? आणि तो घेतोय ते आपल्याला विकायला परवानगी आहे का? औषधं आणि खाण्याच्या वस्तूंत दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा नाहीच असतं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं तेव्हा ते स्वच्छ नळाचं पाणी नव्हतं. गाळ, सांडपाणी, तेल, सगळं त्यात मिसळलेलं. किराणा दुकानातली पोती, औषधांच्या दुकानातल्या पेट्या अशा पाण्यातून बाहेर काढल्या तरी त्यांना बाजारभाव नसतो. उलट त्या नष्ट करायलाच पैसे लागतात. तरी माल शून्याच्या खाली लिहायचा नसतो. मालाची किंमत शून्य, आणि नष्ट करण्याचा खर्च वेगळा.

चादरींकडे यायला आम्हाला उशीर झाला, आणि तो उशीर महागात पडला.

चादरी भिजल्या तेव्हा त्यांचं फार काही बिघडलं नव्हतं. स्वच्छ पाणी, सुती कापड. लगेच धुवून, वाळवून, इस्त्री करून नव्या पिशवीत घातलं असतं तर सेकंडचा माल म्हणून विकता आलं असतं. त्याचा हिशेब असा: विक्री ३६०, धुलाई-इस्त्री-पिशवी ६०, पोचवणं १०, हातात २९०. एका गिऱ्हाइकानं ओल्या गाठी आहेत तशा १८० रुपये चादरीला उचलतो म्हटलं होतं. दोन रस्ते असले तर जास्त देणारा आणि खरंच जमणारा रस्ता धरायचा, म्हणून १८० नव्हे तर २९०.

पण जमणारा हा शब्द महत्त्वाचा. धुलाईवाल्याची क्षमता कमी होती, आणि शेठ विम्याचा सर्वेक्षक येईपर्यंत मालाला हात लावू नका असं सांगत बसले. ४०० चादरी पहिल्या तीन दिवसांत धुवायला गेल्या. ६०० चादरी ताडपत्रीखाली, गाठीत, एकमेकींना दाबून पडून राहिल्या. मार्चचा उकाडा. ओलं सुती कापड गाठीत बंद राहिलं की दोन-तीन दिवसांत बुरशी धरतं. ३१ मार्चला आम्ही गाठी सोडल्या तेव्हा घड्यांवर काळे ठिपके उमटले होते. ते धुतले तरी पूर्ण जात नाहीत, आणि लाल चादरीचा रंग शेजारच्या पांढऱ्या पट्ट्यात उतरला होता. अशी चादर फक्त पुसण्याचं कापड म्हणून किलोवर जाते. चादरीमागे ५० रुपये, बांधणीचे पाच वजा, हातात ४५.

वर्ष ३१ मार्चला संपतं, म्हणून त्या दिवशी माल कुठल्या अवस्थेत आहे तेच बघायचं. २२ तारखेला तो सुधारण्याजोगा होता, पण ३१ ला तसा राहिला नाही. म्हणून ४०० चादरींवर १३० रुपयांप्रमाणे ५२,००० आणि ६०० चादरींवर ३७५ रुपयांप्रमाणे २,२५,००० घट. चादरींवर एकूण २,७७,०००.

सगळी बेरीज केली तर घट आली ६,५२,०००. अठरा लाखांचा भिजलेला माल वहीत ११,४८,००० ला उतरला. शेठना तोटा कमी वाटला, मुलाला जास्त.

मुलगा हिशेबात हुशार. त्यानं लगेच सगळ्या मालाची एनआरव्ही एकत्र केली. कुकरची ७,८८,०००, मिक्सरची २,८५,०००, चादरींची १,४३,०००. एकूण १२,१६,०००. "अठरा लाखांतून एवढे गेले तर तोटा ५,८४,००० चा होतो, साहेब. तुम्ही ६८ हजार जास्त लिहिलेत." हे ६८ हजार म्हणजे ८०० कुकरमागचे ८५ रुपये, न झालेल्या विक्रीचा नफा. तो मिक्सरच्या तोट्यात मुरवला की तोटा लहान दिसतो. नियम इथे स्पष्ट आहे. घट एकेका वस्तूची काढायची. सारख्या, एकाच बाजारात जाणाऱ्या वस्तूंचा गट करता येतो, पण कुकर आणि मिक्सर एकाच गोदामात आहेत म्हणून त्यांचा एक गट होत नाही. कुकरवरचा नफा विक्री होईल तेव्हा येईल. आज तो मिक्सरला उसना देता येत नाही.

बँकेला मग काय कळवायचं? वहीत जे आहे तेच. मुलाला मी सांगितलं की बँकेचा माणूस गोदामात आला तर भिंतीवरची रेघ त्याला दिसेलच. शिवाय बऱ्याच बँका खराब मालावर उचल देतच नाहीत, त्यामुळे भिजलेला माल वेगळा दाखवणंच शहाणपणाचं. उचल तेवढ्यानं कमी झाली आणि एप्रिलमध्ये पुरवठादारांचे पैसे देताना शेठची थोडी ओढाताण झाली, हे खरं.

वस्तू आणि सेवा कराची एक गाठ इथे असते, ती थोडक्यात. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५)(एच) प्रमाणे हरवलेल्या, नष्ट झालेल्या किंवा वहीतून काढून टाकलेल्या मालावर घेतलेली कराची वजावट परत करावी लागते. पण माल कमी किमतीला का होईना विकला, तर त्या विक्रीवर कर लागतो आणि वजावट राहते. वहीत किंमत कमी करणं आणि माल वहीतून काढून टाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. म्हणून नोंदीत 'राइट ऑफ' हा शब्द सैलपणे वापरू नये. आम्ही 'एनआरव्हीप्रमाणे मूल्यघट' असं लिहिलं आणि भंगार, पुसण्याचं कापड यांची विक्री बिलानं केली.

आता विमा. शेठचा आग्रह होता की विम्याचे पैसे येणारच आहेत, तेवढे मालाच्या किमतीत धरून टाका, म्हणजे वही सुंदर दिसेल. वही सुंदर दिसली असती, पण खोटी झाली असती. माल आणि विमा कंपनीकडचं येणं या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. भिजलेल्या चादरीला बाजार ४५ रुपये देतो, विमा असो वा नसो. विम्याचं येणं ते मिळणार हे जवळजवळ नक्की झाल्यावरच, स्वतंत्र ओळीत धरायचं. ३१ मार्चला सर्वेक्षक एकदा येऊन गेला होता, अहवाल नव्हता. म्हणून त्या वर्षी वहीत विम्याचा एक रुपयाही धरला नाही, फक्त टिपणात दावा केल्याचा उल्लेख.

सर्वेक्षकाचं गणित आमच्यासारखं असणार नाही, हे शेठना आधीच सांगून ठेवलं होतं. तो पॉलिसीच्या चौकटीत नुकसान मोजतो. पाइप फुटून येणारं पाणी आगीच्या सर्वसाधारण पॉलिसीत सहसा येतं, त्यामुळे मूळ दाव्याला अडचण नव्हती. अडचण दोन ठिकाणी आली. त्या गोदामात त्या रात्री एकूण माल एक कोटी वीस लाखांचा होता आणि विमा नव्वद लाखांचा. कमी रकमेचा विमा काढला की विमा कंपनी तेवढ्याच प्रमाणात नुकसान भरते, त्याला सरासरीचं कलम म्हणतात. म्हणजे रुपयाला बारा आणे. दुसरी अडचण चादरींची.

मधल्या काळात आणखी एक फेरफार झाला. ताळेबंदावर सही व्हायची होती, आणि मे महिन्यात धुतलेल्या ४०० चादरी विकल्या गेल्या, ३६० ला नव्हे, ३३० ला. या चादरी ३१ मार्चलाही भिजून सुधारलेल्याच होत्या. मेमधली विक्री त्या दिवशीच्या अवस्थेचाच पुरावा देत होती, म्हणून मार्चच्या आकड्यात आणखी बारा हजार घातले. घट झाली ६,६४,०००. समजा, हेच पाणी २२ मार्चऐवजी १० एप्रिलला शिरलं असतं, तर मार्चच्या वहीत एक रुपयाही घट लागली नसती. ३१ मार्चला तो माल कोरडा आणि चांगला होता. ते नुकसान पुढच्या वर्षाचं, फक्त मोठं असेल तर टिपणात सांगायचं. हा फरक व्यापाऱ्यांना समजावणं सगळ्यात कठीण जातं. सही झाली नाही म्हणजे वही उघडी आहे, तर मग काहीही घालता येतं, असं त्यांना वाटतं.

सर्वेक्षकाचा अहवाल पुढच्या वर्षी आला. त्यानं कुकरचे खोके बदलण्याचे चाळीस हजार मान्य केले, जे आमच्या मूल्यघटीत कधीच नव्हते. मिक्सरचे पावणेचार लाख जसेच्या तसे. कंपनीच्या करारातलं कलम आणि भंगाराची बिलं त्याच्यासमोर ठेवली होती. बुरशी धरलेल्या ६०० चादरींचे २,२५,००० मात्र त्यानं नाकारले. नुकसान झाल्यावर ते वाढू न देणं विमाधारकाचं काम आहे, गाठी सोडून पंख्याखाली पसरल्या असत्या तर बुरशी लागली नसती, आणि मालाला हात लावू नका असं आम्ही कधी सांगितलं नव्हतं, असं त्याचं म्हणणं. धुतलेल्या चादरींसारखीच त्यानं या सहाशेंची घट १३० रुपये धरली, म्हणजे ७८,०००. चारशे चादरींच्या ५२,००० सकट त्याचं मान्य नुकसान ५,४५,००० झालं. सरासरीचं कलम लावून ४,०८,७५०, आणि त्यातून पॉलिसीतली ठरावीक वजावट.

शेठ पत्र घेऊन माझ्याकडे आले. "सर्वेक्षक चादरीला १३० च तोटा म्हणतो, तुम्ही ३७५ लिहिलेत. एकाचं काहीतरी चुकलंय." दोघांचंही चुकलं नव्हतं. चादर कोणाच्या हलगर्जीनं काळी पडली हा विम्याचा प्रश्न होता. ती काळी पडून ४५ रुपयांची झाली हा माझा. मंजुरीचं पत्र हातात आल्यावर विम्याची रक्कम त्या वर्षीच्या उत्पन्नात वेगळ्या ओळीत घातली. मागच्या वर्षीची मूल्यघट तशीच राहिली.